दुकानदार म्हणतो मीटरला फरक नाही; खरा फरक कुठे पडतो?

एका वाचकाचे पत्र, रत्नागिरी जिल्ह्यातून:

"माझ्याकडे २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय आहे. लोखंडी रिम, १६५/८० आर१४ टायर. टायर आता बदलायलाच आलेत, म्हणून म्हटलं यावेळी मॅगव्हीलच घ्यावीत. दुकानदार १६ इंची रिम आणि २०५/५५ आर१६ टायर सुचवतोय. रिम ७ जे, ऑफसेट ३५. तो म्हणतो मीटरला काही फरक पडणार नाही, गाडी दोन इंच उंच होईल आणि रस्ता घट्ट धरेल. मित्र म्हणतो मीटर चुकेल आणि कॅमेऱ्यात सापडशील. बायको म्हणते खड्ड्यांत गाडी आपटेल. पंधरा दिवसांतून एकदा आई-वडिलांना मागे बसवून आंबा घाटातून कोल्हापूरला जावं लागतं. नक्की कोणाचं ऐकू?"

प्रिय वाचक,

तिघांत तुमच्या पत्नीचं म्हणणं सर्वांत नेमकं आहे. मित्राची भीती थोडी खरी आहे. दुकानदाराचं पहिलं वाक्य जवळपास बरोबर आहे आणि दुसरं साफ चूक. पण या चर्चेत एक गोष्ट कोणीच काढलेली नाही, ती म्हणजे ऑफसेट ३५. पैसे देण्याआधी तिचा हिशोब व्हायला हवा.

मीटरपासून सुरुवात करू, कारण ते कागदावर पाच मिनिटांत सुटतं. टायरवरचा पहिला आकडा म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. शेवटचा आकडा रिमचा व्यास, इंचात. तुमच्या आताच्या टायरची भिंत म्हणजे १६५ चे ८० टक्के, १३२ मिमी. भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून २६४. रिम १४ गुणिले २५.४, म्हणजे ३५५.६. एकूण व्यास ६१९.६ मिमी. दुकानदाराच्या टायरचा असाच हिशोब केला तर भिंत ११२.७५, दोन्हीकडची मिळून २२५.५, रिम ४०६.४ आणि व्यास ६३१.९ मिमी. फरक झाला १२ मिमी, म्हणजे साधारण २ टक्के.

मीटरला टायर दिसत नाही, त्याला फक्त फेऱ्या कळतात. तुमचं आताचं चाक एका किलोमीटरमध्ये ५१४ च्या आसपास फेऱ्या मारतं, मोठं चाक ५०४ फेऱ्यांतच तेवढं अंतर कापेल. गाडीला अजूनही ५१४ फेऱ्यांना एक किलोमीटर असंच शिकवलेलं आहे, त्यामुळे ती वेग आणि अंतर दोन्ही २ टक्के कमी सांगेल. पूर्वी ज्या खऱ्या वेगाला काटा १०० वर असायचा, त्याच वेगाला आता तो ९८ वर राहील.

मग कॅमेऱ्यात सापडाल का? इथे एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. कंपन्या स्पीडोमीटर मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. जगभर वापरला जाणारा संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवायचं नाही. जास्त दाखवायला मुभा आहे, ती खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किमी एवढी. म्हणजे खरा वेग १०० असताना काटा ११४ वर असला तरी चालतं, ९९ वर मात्र नाही. म्हणून बहुतेक गाड्यांत काटा काही टक्के पुढेच असतो. तुमच्या गाडीत तो किती पुढे आहे हे टायर बदलण्याआधी मोजून ठेवा. सपाट, सरळ रस्त्यावर शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात फोन द्या, त्यात जीपीएसवर वेग दाखवणारं कुठलंही ॲप चालेल. काटा ६० वर अर्धा मिनिट स्थिर धरा आणि फोनवरचा आकडा लिहून घ्या. मग ८० वर तेच करा. चढ-उतारावर किंवा वळणावर मोजू नका, फोनचा आकडा मागे-पुढे होतो.

समजा काटा ८० वर असताना फोन ७६ दाखवतो. २०५/५५ आर१६ घातल्यावर काटा ८० वर असताना खरा वेग ७७.५ होईल. तरीही काटा खऱ्याच्या पुढेच राहिला. म्हणजे या मापाने राखीव अंतर थोडं कमी होतं, संपत नाही. याउलट काही जण १५ इंची रिमवर '२०५ घालू, भरदार दिसतं' म्हणून २०५/६५ आर१५ घालून घेतात. त्याचा व्यास ६४७.५ मिमी भरतो, साडेचार टक्के जास्त. वरच्याच गाडीत काटा ८० असताना खरा वेग ७९.४ होतो आणि जवळपास सगळं राखीव अंतर खर्ची पडतं. ज्या गाडीचा काटा मुळातच दोन-तीन टक्केच पुढे असेल, ती तर मर्यादेच्या पुढे पळत असेल आणि चालकाला पत्ताही नसेल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना १०० ची मर्यादा आहे. तिथे काटा बरोबर १०० वर धरून चालवणाऱ्याला हे महागात पडतं.

दोन टक्के म्हणजे किती, याचा अंदाज यायला आणखी एक तुलना सांगतो. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते आणि १.६ मिमी उरली की टायर बदलायचा असतो. म्हणजे झिजून झिजून व्यास जवळपास १३ मिमी कमी होतो. तुमची गाडी गेल्या काही वर्षांत एवढा बदल आपणहून सोसून आली आहे. म्हणून मापं ताडताना एकूण व्यासातला फरक २ टक्क्यांच्या आत ठेवावा, ३ च्या पुढे कधीही जाऊ नये. 'मीटर कॅलिब्रेट करून देतो' असं कोणी म्हणालं तर त्यात पडू नका. ज्या मापाला कॅलिब्रेशन लागतं ते माप मुळातच चुकीचं आहे.

फक्त मायलेज काढताना हा फरक लक्षात ठेवा. ओडोमीटरही २ टक्के कमी मोजणार, त्यामुळे लिटरला खरे १८ किमी मिळत असले तरी तुमच्या वहीत १७.६ येतील. त्याशिवाय रुंद आणि जड चाकामुळे पेट्रोल थोडं खरोखरच जास्त लागेल, ते वेगळं.

आता उंचीची गोष्ट. व्यास १२ मिमी वाढला तर गाडी १२ नाही, ६ मिमीच वर जाते, कारण चाकाचा मध्य त्रिज्येएवढाच उचलला जातो. दोन इंच म्हणजे ५१ मिमी. त्यासाठी चाकाचा व्यास १०२ मिमीने वाढवावा लागेल, आणि तसं चाक स्विफ्टच्या कमानीत मावणारच नाही. तुमच्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी आहे, तो १६९ होईल. मागे आई-वडील आणि डिकीत सामान असलं की स्प्रिंगच त्याहून कितीतरी जास्त खाली बसते. तेव्हा उंचीसाठी रिम बदलणं हा विचारच डोक्यातून काढून टाका. रिम मोठी झाली तरी गाडीचं पोट वर जात नाही. रिम मोठी होते ती टायरच्या भिंतीची जागा खाऊन.

आणि ही भिंत म्हणजेच आराम. तुमच्या गाडीत आज रस्ता आणि रिम यांच्यामध्ये १३२ मिमी हवा आणि रबर आहे. २०५/५५ आर१६ मध्ये ते ११३ उरेल, १९५/५५ आर१६ मध्ये १०७. रस्त्यावरचे बारीक सांधे, खडी, डांबराचे तुकडे पहिल्यांदा सोसते ती ही भिंत, शॉकअपची पाळी नंतर येते. भिंत बुटकी झाली की तेच बारीक धक्के स्टिअरिंगमध्ये आणि मागच्या सीटवर पोहोचतात. पुढे बसणाऱ्याला 'गाडी टाइट झाली' असं वाटतं आणि तो खूश होतो. मागे बसणाऱ्या सत्तरीच्या माणसाला तेच कमरेत जाणवतं. वजनाचाही भाग आहे. चाक जड झालं की खड्ड्यातून वर येताना शॉकअपला ते आवरायला जास्त वेळ लागतो, आणि खराब रस्त्यावर चाक थडथडत राहतं. दुकानात वजनकाटा असतोच. तुमचं एक आख्खं चाक टायरसकट आणि त्यांचं एक आख्खं चाक टायरसकट, दोन्ही ठेवून बघा. फरक दोन किलोच्या आत असला तर ठीक. चार-पाच किलोचा असला तर मोह आवरा.

बुटक्या भिंतीचा खरा त्रास खड्ड्यात होतो, विशेषतः पावसाळ्यात, जेव्हा खड्डा पाण्याने भरलेला असतो आणि दिसत नाही. चाक खड्ड्यात उतरतं, पलीकडची कडा टायरला आत दाबते, आणि भिंत संपली की रिमचा काठ आणि खड्ड्याची कडा यांच्यात रबर चिमटतं. बाहेरून कधी कधी काहीच दिसत नाही, पण आतले धागे तुटलेले असतात. दोन-चार दिवसांनी त्या जागी भिंतीवर लिंबाएवढा फुगा येतो. हा फुगा कोणताही पंक्चरवाला दुरुस्त करू शकत नाही. आतून पॅच लावून देतो म्हणाला तरी लावू नका, कारण तिथे भार उचलणारे धागेच उरलेले नसतात आणि हायवेवर तो टायर फुटतो. तो टायर टाकूनच द्यावा लागतो. त्याच धक्क्यात लोखंडी रिम वाकते आणि हातोड्याने ठोकून सरळ होते. मॅगव्हील वाकतं किंवा तडकतं. तडकलेलं वेल्डिंग करून वापरू नका. दर महिन्याला हवा भरताना चारही टायरच्या भिंतीवरून, आतल्या बाजूनेही, तळवा फिरवा. उंचवटा डोळ्यांच्या आधी हाताला लागतो.

काही जण बुटक्या टायरचे धक्के कमी व्हावेत म्हणून हवा कमी ठेवतात. हे सर्वांत वाईट. हवा कमी म्हणजे चिमटा लवकर बसणार आणि भिंत गरम होणार. ड्रायव्हरच्या दारापाशी असलेल्या स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा कमी हवा कधीही नको. बुटक्या टायरमध्ये एक-दोन पीएसआय जास्त ठेवली तर चालते.

रस्ता घट्ट धरण्याबद्दल दुकानदार अर्धा खरा बोलला. कोरड्या डांबरावर रुंद आणि बुटका टायर वळणात कमी झुकतो, स्टिअरिंग फिरवल्याबरोबर गाडी वळते. घाटात हे छान वाटतं, यात शंका नाही. पण तुमचा रस्ता कोकणातला आहे. जून ते सप्टेंबर तो ओला असतो आणि जागोजागी पाणी साचतं. रुंद टायरला जास्त रुंदीचं पाणी बाजूला ढकलावं लागतं. त्याच वेगात अरुंद टायर पाणी कापून खाली टेकतो, रुंद टायर त्यावर आधी तरंगतो. स्टिअरिंग अचानक हलकं पडतं ती हीच वेळ. म्हणून तुमच्यासारख्याला पकड हवी असेल तर रुंदीच्या मागे लागण्यापेक्षा चांगल्या प्रतीचा, खोल आणि सरळ खाचांचा टायर घेणं जास्त फायद्याचं. रिमचे पैसे वाचले तर ते टायरच्या प्रतीत घाला.

आता ऑफसेट. रिमची रुंदी मधोमध कापली तर जी रेषा येते, तिथून हबला टेकणारा भाग किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, तो आकडा म्हणजे ऑफसेट. आकडा लहान झाला की अख्खं चाक बाहेर सरकतं. तुमच्या रिमच्या आतल्या बाजूला रुंदी आणि ऑफसेट दोन्ही ठोकलेले असतात. चाक काढल्यावर कोरडा ब्रश मारून आकडे वाचा आणि फोटो काढून ठेवा. समजा तुमच्या रिमवर ५ जे आणि ४० आहे. ५ जे म्हणजे ५ इंच, १२७ मिमी. निम्मे ६३.५. त्यात ऑफसेट मिळवला की रिम हबपासून आत किती जाते ते कळतं, १०३.५. वजा केला की बाहेर किती येते ते, २३.५. दुकानदाराची रिम ७ जे, म्हणजे १७७.८, निम्मे ८८.९. ऑफसेट ३५ धरून आत १२३.९ आणि बाहेर ५३.९.

म्हणजे चाक आतल्या बाजूला शॉकअपच्या दिशेने २० मिमी जवळ गेलं आणि बाहेरच्या बाजूला मडगार्डच्या दिशेने ३० मिमी पुढे आलं. तीन सेंटिमीटर! गाडी मोकळी, सरळ उभी असताना हे दिसायला दिमाखदार दिसेल. पण आई-वडील मागे बसले आणि आंबा घाटातल्या वळणावर चाक खड्ड्यातून वर आलं की टायरचा खांदा मडगार्डच्या आतल्या दुमडलेल्या पत्र्याला घासेल. आधी एक खर्रकन आवाज येतो. मग टायरच्या खांद्यावर गोल गोल फिरणारी चकाकती रेघ दिसते. त्याकडे दुर्लक्ष केलं तर पत्रा टायर कापायला लागतो. शिवाय चाक बाहेर गेलं की हबच्या बेअरिंगवर तिरका भार पडतो आणि स्टिअरिंग खड्ड्यात हाताला हिसके देतं. दुकानदार घासणाऱ्या जागी 'पत्रा थोडा मारून देतो' म्हणाला, तर ते चाक तुमच्या गाडीचं नाही असं समजा. घासण्यावरचा उपाय म्हणून स्पेसर घालणंही नको, त्याने चाक आणखी बाहेर येतं.

हाच हिशोब ६ जे आणि ऑफसेट ४० ला करून बघा. निम्मे ७६.२, आत ११६.२, बाहेर ३६.२. दोन्हीकडे १३ मिमीपेक्षा कमीच वाढ. हे सोसण्यासारखं आहे.

मग काय घ्यावं? तुमच्याच गाडीचं झेडएक्सआय मॉडेल कंपनीने १८५/६५ आर१५ टायर आणि मॅगव्हील घालून विकलं. त्याचा व्यास ६२१.५ मिमी, म्हणजे तुमच्या आताच्या चाकापेक्षा दोन मिलिमीटरही जास्त नाही. मीटर जसाच्या तसा राहतो. भिंत १२० मिमी उरते, म्हणजे आरामातली घट थोडीच. रुंदी २० मिमीने वाढते, पकड खरोखर सुधारते. भारक्षमतेचा निर्देशांकही ८५ वरून ८८ वर जातो, एका टायरला ५१५ किलोऐवजी ५६० किलो. हे माप कंपनीने त्याच बॉडीवर, त्याच शॉकअपवर तपासलेलं आहे. माझा कौल पूर्णपणे याच मापाला. मूळ कंपनीची १५ इंची मॅगव्हील मिळाली तर उत्तम. बाहेरची घेतलीत तरी साडेपाच किंवा सहा जे घ्या, आणि ऑफसेट मूळ आकड्याच्या आसपासच ठेवा.

सोळा इंचाशिवाय मन मानतच नसेल, तर १९५/५५ आर१६ घ्या. व्यास ६२०.९, मीटरला फरक शून्य म्हणावा इतका. निर्देशांक ८७, म्हणजे ५४५ किलो. बलेनोच्या वरच्या मॉडेलना हेच माप येतं, त्यामुळे मधेच टायर फुटला तर सावंतवाडीतही मिळेल, सांगलीतही. ही बारीक गोष्ट नाही, विचित्र माप घेतलं की गावाकडे टायरसाठी दोन दिवस थांबावं लागतं. मात्र भिंत २५ मिमीने कमी होते आणि खड्ड्यांचा सगळा विचार वर केलाच आहे. चाळीस टक्के रस्ता खराब असेल तर हे माप घेऊ नका. आणि एक सापळा टाळा. १९५/५० आर१६ स्वस्तात पडतो म्हणून देऊ करतील. त्याचा व्यास ६०१.४, जवळपास ३ टक्के कमी, गाडी ९ मिमी खाली येईल, आणि निर्देशांक ८४ असेल, म्हणजे तुमच्या आताच्या टायरपेक्षाही कमी भार उचलणारा.

रिम पसंत करताना तीन गोष्टी स्वतः बघा. स्विफ्टचं नटांचं वर्तुळ चार नटांचं, १०० मिमी व्यासाचं आहे. हबचा मधला उंचवटा ५४.१ मिमी. बाहेरच्या मॅगव्हीलचं मधलं भोक बहुतेक वेळा त्याहून मोठं असतं, कारण एकच रिम अनेक गाड्यांना विकायची असते. ती फट भरायला हबरिंग नावाची कडी लागते. ती नसली की चाक फक्त नटांवर टांगलेलं राहतं, केसभर बाजूला बसतं, आणि ८० ते १०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग तीनदा करूनही थरथर जात नसेल तर बहुधा कडीच नाही किंवा चुकीच्या मापाची आहे. तिसरं म्हणजे नट. मॅगव्हीलच्या खोबणीला शंकूसारखा नट लागतो की गोलसर, ते रिमबरोबर विचारून घ्या. थ्रेड १२ मिमी, १.२५ पिचचा असायला हवा. नट हाताने निदान आठ फेरे बसला पाहिजे. रिमच्या मागे कोरलेली भारक्षमतेची किलोतली संख्याही वाचा, ती टायरच्या भारापेक्षा कमी नसावी.

पैसे देण्याआधी पुढचं एक चाक बसवून बघू द्या, असा आग्रह धरा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. गाडी जमिनीवर टेकवा. स्टिअरिंग एका टोकापर्यंत, मग दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, आणि टायर व शॉकअप यांच्यातली फट बघा. करंगळी अडकल्याशिवाय जायला हवी. मग कणकेच्या घट्ट गोळ्या करून घ्या, सुपारीएवढ्या, आणि मडगार्डच्या आतल्या कडेला, लायनरला आणि शॉकअपच्या कपाला चिकटवा. मागे तीन जण बसवा, समोरच्या गल्लीतला एखादा गतिरोधक सावकाश पण थेट ओलांडा, वळताना एकदा आणि उलट्या गिअरमध्ये एकदा. उतरून गोळ्या बघा. ज्या जागी गोळी चपटी होऊन ४-५ मिमीच उरली, तिथे घाटात टायर टेकणार. मागच्या चाकालाही हेच करा, कारण मागे माणसं बसल्यावर मडगार्ड तिथेच खाली येतं.

स्टेपनीचा विचार आधीच करून ठेवा. डिकीत १६५/८० आर१४ च राहणार. १८५/६५ आर१५ किंवा १९५/५५ आर१६ घेतलं तर व्यासातला फरक एक-दोन मिलिमीटरचा, म्हणून एबीएसला ती जवळपास सारखीच वाटते. २०५/५५ आर१६ मध्ये तो १२ मिमी होतो, त्यामुळे पंक्चर झाल्यावर स्टेपनी लावून फक्त जवळच्या दुकानापर्यंत सावकाश जायचं. लोखंडी रिमला मॅगव्हीलचे नट बसतीलच असं नाही, तेव्हा जुने चारही नट एका पुडीत स्टेपनीपाशी ठेवा. अर्ध्या रात्री घाटात हे कळण्याची वेळ येऊ नये.

कायद्याची बाजूही थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापासून हटून गाडीत फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच मॉडेलला कंपनीने स्वतः दिलेलं माप घातलं तर वादाला जागा फार कमी राहते. पत्र्याबाहेर आलेल्या टायरला ती मुबलक राहते. रिम बसवल्यावर बिलासह विमा कंपनीला लेखी कळवा आणि पॉलिसीत नोंद करून घ्या. नोंद नसेल तर अपघातात किंवा चोरीत त्या रिमचे पैसे मागता येत नाहीत.

बसवून झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या. नट टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यालाच आवळायला सांगा. एअर गनने आवळलेल्या नटाचा ताण कोणालाच माहीत नसतो. शंभरेक किलोमीटर झाल्यावर, चाकं गार असताना, नट पुन्हा एकदा तपासा. नवीन मॅगव्हीलचा रंग खोबणीत दबतो आणि नट थोडा सैल होतो. त्याच फेरीत ६० आणि ८० ला फोनवरचा वेग पुन्हा मोजा आणि आधीच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवा.